सप्लायरला पत्र पाठवण्याआधी हे बघ

अरे, कंपनीचे मालक बदलल्याचं कळवणाऱ्या पत्रात "काहीही बदलणार नाही" असं मोघम लिहू नकोस, सप्लायरला फक्त एवढंच हवं असतं की जुन्या पर्चेस ऑर्डरचे पैसे कोण देणार आणि बिल कोणाच्या नावाने काढायचं. तुमचे नुसते शेअर्स विकले गेलेत, म्हणजे कंपनी तीच, पॅन आणि जीएसटी नंबर तेच, हे नंबरासकट लिही. मर्जर असतं तर बिलं नव्या कंपनीच्या जीएसटी नंबरवर आली असती, आणि जुन्या नंबरवर निघालेल्या बिलाचं जीएसटी क्रेडिट अडकतं. आमच्याकडे हे लिहायचं राहिलं आणि दोन महिने बिलं परत पाठवत बसलो, लोक वैतागले. कस्टमरला मात्र बँक खातं तेच आहे हे ठळक सांग, अशा बातमीनंतर खातं बदलल्याचे खोटे मेल येतात.