प्रतीक, चिन्ह आणि अनीक

प्रश्न : राष्ट्रवादी राजकारणात लोकांना संघटित करण्यासाठी धार्मिक ‘सिम्बॉल्स’ कशी वापरली जातात, या विषयावरच्या राज्यशास्त्रातील एका शोधनिबंधाचे मी भाषांतर करते आहे. ‘धार्मिक चिन्हे’ लिहावे की ‘धार्मिक प्रतिके’? आणि ‘मोबिलायझेशन’ला काय म्हणावे?

उत्तर : ‘प्रतीके’ लिहावे, आणि त्यातला ‘ती’ दीर्घच काढावा. वर्तमानपत्रांपासून प्रबंधांपर्यंत सर्वत्र ‘प्रतिक’ हे रूप वाचून डोळे शिणले आहेत. ‘प्रति’ हा उपसर्ग ऱ्हस्व असल्यामुळे लोक फसतात. पण या शब्दातला दीर्घ ईकार व्युत्पत्तीतूनच आलेला आहे, आणि ती व्युत्पत्ती आपल्या शोधनिबंधाच्या विषयाला थेट जाऊन भिडते.

चिन्ह म्हणजे ओळख पटवणारी खूण, मग ते कपाळावरचे गंध असो वा मतपत्रिकेवरचा नांगर. ऋग्वेदात ‘प्रतीक’ म्हणजे मुख, समोर वळलेली बाजू. पुढे भाष्यकार एखाद्या ऋचेचे पहिले दोन-तीन शब्दच उद्धृत करत आणि त्यांनाही ‘प्रतीक’ म्हणत, कारण तेवढे ऐकून जाणकाराला सगळी ऋचा आठवे. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या भक्तिमार्गावरील प्रकरणात हा शब्द ‘प्रति’ आणि ‘इक’ असा फोडला आहे. वस्तूचा जो भाग आधी दिसतो आणि ज्यावरून पुढे संपूर्ण वस्तूचे ज्ञान होते, तो भाग म्हणजे प्रतीक, असा अर्थ त्यांनी दिला आहे. अर्थ उत्तम आहे, पण फोड मला मान्य नाही, कारण नुसत्या ‘इक’ने शब्दाचा मुखवाचक अर्थ उलगडत नाही. तौलनिक भाषाशास्त्रज्ञ या ‘-ईक’मध्ये ‘अक्षि’ शब्दातले डोळ्याचे मूळ पाहतात, आणि तोच अंश त्यांना ‘अनीक’ या शब्दातही दिसतो. अनीक म्हणजे वेदात मुख आणि पुढे सैन्याची आघाडी, सैन्य. गीतेच्या पहिल्याच अध्यायात दुर्योधन पाहतो ते ‘पाण्डवानीक’ हेच. समोरच्या मुखासाठी असलेली ही दोन नावे, आणि त्यांतल्या एकाचे सैन्य झाले. माझ्या मते राष्ट्रवादी राजकारणात घडते ते हेच : प्रतीक पुढे धरले जाते आणि त्याच्यामागे अनीक उभे राहते.

पुण्याचा गणेशोत्सव पाहा. 1893 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा दंगा झाला आणि त्याच सुमारास घरातला गणपती चौकात आला. टिळकांनी ‘केसरी’तून त्याला बळ दिले. मूर्ती जुनीच होती. नवे होते ते मेळे, म्हणजे एकसारख्या पोशाखातल्या, आधी तालीम केलेल्या मुलांची गाणारी पथके. त्यांची ठेवण मोहरमच्या मिरवणुकीतल्या पथकांवरून घेतलेली होती, आणि 1894 मधली त्यांची काही पदे हिंदूंनी ताबुतांच्या नादी लागू नये असे बजावणारी होती. त्याआधी पुण्यातले पुष्कळ हिंदू मोहरमात उत्साहाने सामील होत, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पदांचा रोख कळतो. त्याच वर्षी मशिदीवरून वाजतगाजत गेलेल्या मिरवणुकीवरून पुण्यातही दंगा झाला. पुढे वंगभंगानंतर त्याच मूर्तीपुढे, तसल्याच मेळ्यांनी स्वदेशी आणि बहिष्काराची पदे म्हटली. म्हणजे मूर्ती तीच राहिली आणि तिचे तोंड मात्र ताबुतांकडून विलायती कापडाकडे वळले. ब्रिटिश सरकारला हे नेमके उमगले होते. पुढे 1910 च्या सुमारास त्याने निर्बंध घातले ते पूजेवर नव्हेत, तर मेळ्यांवर आणि त्यांच्या पदांवर.

म्हणूनच ‘पुढाऱ्यांनी प्रतीके वापरली’ एवढेच म्हणून थांबणारे अभ्यासक मला पटत नाहीत. प्रतीक अनेकार्थी असते, त्यामुळे एकाच मूर्तीमागे ब्राह्मण वकील आणि तालमीतला पैलवान दोघेही आपापल्या अर्थाने उभे राहू शकतात. नेत्याला तो अर्थ बांधून ठेवता येत नाही. त्याचा रोख कुठे आहे हे ठरवायचे तर पदे, मिरवणुकीचा मार्ग आणि ती कुठे थांबते हे तपासावे लागते. मूर्तीचे वर्णन करून ते कळत नाही. टिळकही ‘गीतारहस्या’च्या त्या प्रकरणात फळ प्रतीकात नसून भावात असते असेच सांगतात. ते भक्तीविषयी बोलत होते. मी ते राजकारणालाही लागू धरतो.

निवडणूक कायद्यातही चिन्ह आणि प्रतीक यांतला हा भेद सांभाळावा लागतो. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123(3) प्रमाणे मतांसाठी धार्मिक प्रतीकांचा वापर हा भ्रष्टाचार ठरतो, पण उमेदवाराला नेमून दिलेली निशाणी तसे प्रतीक मानली जात नाही. दोन्हींना ‘चिन्ह’ म्हटले तर ही तरतूद वाचकाला कळणारच नाही.

‘मोबिलायझेशन’साठी ‘एकत्रीकरण’ अपुरे पडते, कारण लोक जत्रेतही एकत्र येतात. ‘जनसंघटन’ लिहावे, आणि जिथे लोक एखाद्या कृतीसाठी रस्त्यावर उतरल्याचे सांगायचे असेल तिथे सरळ ‘लोकांना उभे करणे’ असे म्हणावे.