क्लाउडमधलं बिल कधी डिलीट करायचं?

रिटर्न भरून झालं की फोनमधली साफसफाई सुरू होते, आणि दर वर्षी तेच प्रश्न माझ्याकडे येतात. या वेळी सहा निवडलेत.

विजेचं बिल भरलं की डिलीट करतो. चालतं ना? (म्हापसा)

नाही. बिल आणि भरल्याची पावती तीन वर्षं राहू द्या. वीज कायद्यात थकबाकी वसुलीला दोन वर्षांची मर्यादा आहे, पण ती रक्कम बिलांत सतत दाखवली जात असेल तर मर्यादा लागत नाही. घरपट्टीच्या पावत्यांना मात्र कधीच हात लावू नका.

इन्कम टॅक्सचे कागद किती वर्षं? शेजारी तीन म्हणतात, मेहुणा दहा. (डिचोली)

दोघांनीही मोजायला सुरुवात कुठून केली ते विचारा. घोळ तिथेच होतो. २०२२-२३ सालची कमाई घ्या. तिचं आकारणी वर्ष २०२३-२४, ते संपलं ३१ मार्च २०२४ला. मुदत तिथून मोजायची, बिलाच्या तारखेपासून नाही. फेरआकारणीची नोटीस साधारणपणे सव्वातीन वर्षांपर्यंत, म्हणजे ३० जून २०२७पर्यंत येऊ शकते. दडलेलं उत्पन्न ५० लाख किंवा जास्त असल्याचं खात्याला दिसलं, तर सव्वापाच वर्षं, म्हणजे ३० जून २०२९पर्यंत. मी घरच्यांना सरळ आठ वर्षं सांगतो. धंदा, परदेशातली मालमत्ता किंवा पुढे ओढलेला तोटा असेल तर डिलीट करण्याआधी आपल्या सीएला दाखवा.

मी नोकरीत, बायको निवृत्त शिक्षिका. तिच्या एफडीचे कागद माझ्या फोल्डरमध्ये कशाला हवेत? डिलीट केले. (मडगाव)

हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. अहो, आपण गोव्यात राहतो. इथल्या नागरी कायद्याने ज्यांची मालमत्ता सामायिक आहे, त्या नवरा-बायकोचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं धरतात. आयकर कायद्यातलं कलम ५ए ते हेच. महाराष्ट्रातल्या चुलतभावाचा सल्ला इथे उपयोगाचा नाही.

तुमचंच उदाहरण घेऊ. समजा, तिच्या एफडीचं वर्षाचं व्याज ८०,००० रुपये. रिटर्नमध्ये ४०,००० तिचे, ४०,००० तुमचे. पण बँक तिच्या पॅनवर पूर्ण ८०,००० कळवते. उद्या खात्याने तिला विचारलं, ‘उरलेले ४०,००० कुठे?’ तर उत्तर तुमच्या रिटर्नमध्ये आहे. म्हणजे तिचं व्याजाचं सर्टिफिकेट, तुमचं रिटर्न आणि दोन्हींतलं शेड्यूल ५ए एकत्र असल्याशिवाय हिशेब जुळत नाही. टीडीएसचंही तसंच.

म्हणून वर्षाचा एकच फोल्डर करा, दोघांच्या नावाचा, आणि तो दोघांनाही उघडता आला पाहिजे. एका जोडप्याचे सगळे कागद नवऱ्याच्या अकाउंटवर होते, पासवर्ड फक्त त्याला ठाऊक. तो गेला, आणि नोटिशीची मुदत टळेपर्यंत बाई माझ्यासमोर त्याचा बंद फोन घेऊन बसल्या होत्या. तुम्ही गुगल ड्राइव्ह वापरत असाल तर ट्रॅश आजच बघा. तिथे फाइल ३० दिवसच राहते. लग्नाआधी वेगळा करार केला असेल तर हे सगळं बदलू शकतं. तो कागद घेऊन वकिलाकडे जा.

बँकेकडे सगळं असतंच. स्टेटमेंट कशाला साठवू? (फोंडा)

मनी लाँडरिंगविरोधी कायद्याने बँकेला व्यवहाराची नोंद पाच वर्षं ठेवावी लागते. त्यापुढे मिळेलच असं धरू नका. खातं बंद करणार असाल तर त्याआधीच सगळी स्टेटमेंट उतरवून घ्या. आणि उतरवलेली पीडीएफ एकदा उघडून बघा, तिला पासवर्ड असतो. तो जन्मतारखेचा की मोबाइलच्या शेवटच्या आकड्यांचा, हे आठ वर्षांनी तुम्हाला आठवणार नाही.

‘स्टोरेज फुल’चा मेसेज रोज येतो. जुनी बिलं काढू का? (पेडणे)

नको. दहा वर्षांची स्टेटमेंट मिळूनही एका लग्नाच्या व्हिडिओएवढी जागा खात नाहीत. तो मेसेज तुम्हाला महिन्याचा प्लॅन विकायला आलेला असतो. आधी गुड मॉर्निंगचे व्हिडिओ काढा.

२००९मध्ये फ्लॅटवर बराच खर्च केला. बिलं अजून हवीत का? (वास्को)

रंगरंगोटीची नकोत. खोली वाढवली, बाल्कनी बंद केली अशा कामांची हवीत. विकताना तो खर्च किमतीत धरता येतो की नाही, हे प्रत्येक बिलावर ठरतं, तेव्हा विक्रीखताच्या आधी सीएकडे या, नंतर नको. फ्लॅट विकल्यावरही खरेदीखत आणि ती बिलं आठ वर्षं ठेवा. दुकानाच्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं एव्हाना पुसट झाली असतील, जेवढी वाचता येतात त्यांचे फोटो आजच काढा.