परिपाठात ‘इंटिग्रिटी’ सांगताना

“मॅडम, सोमवारी परिपाठात मले ‘इंटिग्रिटी’वर दोन मिनिटं बोलायचं हाये. मोबाइलवरचं भाषण पाठ केलं, पण मधातच विसरते. पोरं हसतीन तं?”

यवतमाळकडच्या एका गावातली ही आठवीतली मुलगी. तिला ते भाषण दोनदा मोठ्यानं म्हणायला लावलं. दोन्ही वेळा ती ‘नैतिक मूल्यांची सुसंगतता’ या एकाच ठिकाणी अडली. याचा अर्थ काय, असं विचारलं तर गप्प. भीती होतीच, पण विसरण्याचं कारण वेगळं होतं: न कळलेलं वाक्य पाठ केलं की एक शब्द निसटला तरी पुढचं सापडत नाही, कारण धरायला अर्थच नसतो.

म्हणून आधी शब्द सोडवला. गणितात पूर्णांकाला ‘इंटिजर’ म्हणतात, हे तिला ठाऊक होतं. ‘इंटिग्रिटी’ त्याच लॅटिन मुळातून आला आहे. मूळ अर्थ अखंड, न तुटलेला. लोकांसमोर एक आणि एकट्यानं दुसरं, असे माणसाचे दोन तुकडे नसणं. मराठीत ‘सचोटी’ त्याच्या बरंच जवळ जातं.

मग उदाहरण. रस्त्यात सापडलेलं पाकीट परत करण्याची गोष्ट तिनं निवडली होती. ती इथे कमी पडते, कारण शेवटी शाबासकी मिळते. स्वतःचा थोडा तोटा आणि कुणाला कळण्याची शक्यता नाही, या दोन्ही गोष्टी असल्या तरच सचोटी वेगळी दिसते. घरच्या शेतातल्या कापूस वेचाईची वही तीच लिहिते, हे बोलता बोलता निघालं, आणि त्यातून हे भाषण झालं:

“एक मुलगी बायांनी वेचलेल्या कापसाचं वजन वहीत लिहायची. एकदा एका काकूंचे काट्यावर अठरा किलो भरले, तिनं सोळा लिहिले. रात्री बेरीज करताना चूक ध्यानात आली. दहा रुपये किलोप्रमाणे मजुरीचे वीस रुपये घरातच राहिले असते. त्या काकूंना वाचता येत नव्हतं, वही कुणी बघणार नव्हतं. तिनं सोळा खोडून अठरा लिहिले आणि सकाळी काकूंना सांगितलं. विचारल्यावर खरं सांगणं हा प्रामाणिकपणा. कुणी विचारणार नसताना आकडा दुरुस्त करणं, ही इंटिग्रिटी.”

हे सावकाश म्हटलं तरी मिनिटभरात संपतं. उरलेल्या वेळात सुरुवातीला पूर्णांकाचा अर्थ सांगायचा. दोन मिनिटं भरलीच पाहिजेत म्हणून दुसरी गोष्ट जोडू नये. ऐकणाऱ्या पोरांच्या डोक्यात दोन्ही एकमेकींत मिसळतात.

एक मात्र पाळायचं. उदाहरण आपल्या शेतातलं असलं तरी ‘एक मुलगी’ असंच म्हणायचं आणि काकूंचं नाव घ्यायचं नाही. त्यांना वाचता येत नाही, हे अख्ख्या शाळेसमोर सांगायला त्यांची परवानगी घेतलेली नसते. शिवाय समोर त्यांचंच पोरगं बसलेलं असू शकतं.

सरावासाठी कागदावर तीनच गोष्टी लिहून दिल्या: पूर्णांक, अठराचे सोळा, खोडलेला आकडा. मध्येच अडलं तर फक्त ती वही डोळ्यांसमोर आणायची, आणि रात्री त्या मुलीनं पुढे काय केलं ते आपल्या शब्दांत सांगायचं.