बोन कंडक्शन मशीन आणि हॉर्नची दिशा

प्रश्न: माझ्या मिस्टरांचा (वय ४३) डावा कान सात महिन्यांपूर्वी एका रात्रीत गेला, उजवा नॉर्मल आहे. आता बोन कंडक्शन मशीन लावा म्हणतायत. ते लावल्यावर हॉर्न कुठून वाजतोय, कोण कुठून हाक मारतंय ते कळेल का? नसेल तर एवढा खर्च करावा का?

ताई, दिशा कळणार नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी त्याच आशेवर दोन आठवडे ते मशीन डोक्याला बांधून फिरलो. पण म्हणून मशीन बिनकामाचं आहे असंही नाही, त्याचं काम वेगळं आहे.

माझा उजवा कान असाच गेला, ९ वर्षं झाली. सकाळी उठलो तर कानात शिट्टी वाजतेय आणि फोन उजव्या कानाला लावला तर मेलेला. मला सगळ्यात जास्त त्रास स्कूटरवर झाला. आपल्याकडे ओव्हरटेक करणारा उजवीकडून येतो, हॉर्न मारतो, आणि मला तो हॉर्न डावीकडे ऐकू येतो, कारण जगातले सगळे आवाज आता डाव्याच कानात शिरतात. मग डावीकडच्याला जागा द्यायला मी उजवीकडे सरकायचो, म्हणजे थेट त्याच्या पुढ्यात. दोनदा शिव्या खाल्ल्यावर आरशाशिवाय हलायचं नाही हे अंगवळणी पडलं. तुमच्या मिस्टरांचं उलटं आहे, त्यांना डावीकडची रिक्षापण उजवीकडे वाटणार, आणि कार चालवताना शेजारी बसलेल्या तुम्ही नेमक्या त्यांच्या बंद कानाकडे. ते दुर्लक्ष करत नाहीयेत, एवढं लक्षात ठेवा :)

हे होतं का, तर मेंदू दिशा ओळखतो ती दोन कानांमधल्या फरकावरून. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानात आधी पोचतो आणि डाव्यात थोडा उशिरा, आणि हा उशीर जास्तीत जास्त किती तर साधारण ०.६ ते ०.७ मिलिसेकंद, मेंदू तेवढाही पकडतो. शिवाय मध्ये डोकं येतं. जाड, खर्जातला आवाज डोक्याला वळसा घालून पलीकडे जातो पण बारीक तीक्ष्ण आवाज अडतो, म्हणजे पलीकडच्या कानावर डोक्याची सावली पडते, आणि बारीक आवाजात हा फरक १५-२० डेसिबलपर्यंत जातो. कोण आधी आणि कोणाला मोठ्याने, या दोन गोष्टींवर दिशेचा सगळा हिशोब. एक कान गेला की तुलना करायला दुसरी बाजूच नाही.

त्या सावलीचा दुसरा तोटा बोलण्यात होतो. स, श, च, ट, ठ ही व्यंजनं ओळखू येतात ती बरीचशी बारीक आवाजावर, तोच भाग डोकं अडवतं. म्हणून बंद बाजूने कोणी बोललं की आवाज येतो पण शब्द लागत नाहीत. भाजीवाली उजवीकडून बोलली तर मला सात आणि साठ एकच.

आता मशीन. बंद कानाच्या मागच्या हाडावर ते बसतं, त्याचा माइक त्या बाजूचा आवाज घेतो आणि हाडाला थरथर देतो. कवटीतून ती थरथर दोन्ही बाजूंच्या आतल्या कानापर्यंत जाते. बंद कानाला त्याचा उपयोग नाही पण चांगल्या कानाला पोचते, आणि वाटेत फारसं कमी होत नाही, बहुतेकांचं १० डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून कमी. म्हणजे डोक्याच्या सावलीला चुकवून मागच्या दाराने आवाज आत आणला. बंद बाजूने बोललेलं समजायला लागतं, हा खरा फायदा आहे. पण ऐकणारा कान एकच राहिला ना! पुढच्या दाराने आलेलं आणि मागच्या दाराने आलेलं दोन्ही एकाच खोलीत जमा होतं, मेंदूला तुलना करायला काही मिळत नाही, मग दिशा कुठून येणार.

मी घरी तपासून बघितलं होतं, तुम्हीपण करा. खुर्चीवर डोळे बांधून बसायचं, डोकं अजिबात हलवायचं नाही, आणि घरच्या कोणीतरी चपला काढून भोवतीच्या आठ ठिकाणांहून किल्ल्या वाजवायच्या. माझे २४ पैकी मशीनशिवाय ७ बरोबर आले आणि मशीन लावून ८. नुसतं ठोकून दिलं तरी ३ येतातच. पण नंतर डोकं फिरवायची परवानगी दिली आणि किल्ल्या जरा जास्त वेळ वाजवल्या तर मशीनशिवायच १५ आले, कारण डोकं फिरवलं की आवाज कुठे मोठा होतो ते कळतं. म्हणून घरात हरवलेला मोबाईल मला सापडतो, तो वाजत राहतो. हॉर्न एकदाच वाजतो, तिथे हे जमत नाही. काही लोक सांगतात की मशीनमधून आलेला आवाज जरा पत्र्यासारखा लागतो त्यावरून बाजू कळते, शांत खोलीत मलाही तसं कधी कधी वाटायचं, पण रस्त्यावर त्याच्या भरवशावर राहू नका.

एक गोष्ट दुकानात सांगत नाहीत, ती म्हणजे मशीन कधी नुकसानही करतं. लग्नाच्या पंगतीत माझ्या चांगल्या बाजूला मेहुणा बसलेला आणि बंद बाजूला बँजो पार्टी. मशीन नसताना माझं डोकं बँजोचा बराच तीक्ष्ण भाग अडवत होतं, मशीनने तो सगळा उचलून चांगल्या कानात ओतला आणि मेहुण्याचं बोलणंही गेलं. बंद केलं तेव्हा जेवण झालं. तर नियम असा, बोलणारा बंद बाजूला असेल तर चालू, गोंगाट बंद बाजूला असेल तर बंद.

मशीन कायमचं बसवायला कानामागच्या हाडात स्क्रू घालायचं ऑपरेशन लागतं, त्याचा निर्णय ट्रायलशिवाय घेऊ नका. हेच मशीन पट्ट्यावर लावून डोक्याला बांधता येतं, निदान एक-दोन आठवडे मागा आणि क्लिनिकच्या शांत खोलीत नाही तर ऑफिसात, हॉटेलात, कारमध्ये वापरा. पट्ट्यावर आवाज थोडा दबका येतो कारण मध्ये कातडी असते, स्क्रूवर त्याहून स्पष्ट येतो, तेवढी सूट द्या. हा स्क्रू टायटॅनियमचा, जेमतेम ३-४ मिलिमीटर लांब, आणि हाड त्याला घट्ट धरतं. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला १९७७ मध्ये पहिल्यांदा कानासाठी हे केलं, मूळ कल्पना दात बसवण्यातली. एका कानाच्या बहिरेपणासाठी अमेरिकेत २००२ ला मान्यता मिळाली. कातडीबाहेर येणारा स्क्रू असेल तर रोज साफसफाई आणि अधूनमधून लालसरपणा, पू वगैरे. कातडीखाली चुंबक बसवायचा प्रकार दिसायला नीट, पण पुढे डोक्याचा एमआरआय करायचा झाला तर चुंबकाच्या आसपासचं चित्र खराब येतं.

यावरून विचारतो, त्यांचा एमआरआय झालाय का? एकाच बाजूचा कान गेला की ऐकण्याच्या नसेवर गाठ नाही ना हे बघावंच लागतं. बहुतेकांना नसते, आणि असली तरी ती साधी असते, कॅन्सर नव्हे, पण चुंबक बसवायच्या आधी ते कळलेलं बरं.

दुसरं, ऑडिओग्राम म्हणजे ऐकण्याचा आलेख मास्किंग करून, म्हणजे चांगल्या कानात खळखळाट सोडून त्याला गुंतवून, काढलाय का ते बघा. माझ्या पहिल्या रिपोर्टमध्ये बंद कान ६० डेसिबलचा आला, मला साधं श्रवणयंत्र विकलं आणि पैसे पाण्यात. झालं असं की बंद कानाला मोठा आवाज दिला की तो कवटीतून पलीकडे जातो आणि चांगला कान ऐकून बटण दाबतो, आलेख बंद कानाचा म्हणून छापला जातो पण असतो चांगल्या कानाची सावली. चांगल्या कानात खळखळाट सोडून पुन्हा तपासलं तेव्हा तपासणीच्या मशीनच्या शेवटच्या आकड्यालाही काही ऐकू आलं नाही. खरोखर ६० असता तर साधं यंत्र चाललं असतं, म्हणून हा फरक महत्त्वाचा. (रनिंगवाले बोन कंडक्शन हेडफोन ऑनलाइन मिळतात, ते गाण्यासाठी आहेत, हे मशीन नव्हे.)

मी शेवटी स्क्रू केला नाही, क्रॉस घेतलं. त्यात बंद कानावर माइक आणि चांगल्या कानावर छोटा रिसिव्हर, मधलं वायरलेस. ऑपरेशन नाही, फायदा साधारण तोच आणि मर्यादाही त्याच, फक्त चांगल्या कानात काहीतरी घालून बसावं लागतं ते सगळ्यांना आवडत नाही. मी मीटिंगला लावतो, बाकी वेळ डबीत.

दिशाच हवी असेल तर बंद कानाला स्वतःचा आवाज मिळायला हवा आणि ते फक्त कॉक्लिअर इम्प्लांट करतं, म्हणजे आतल्या कानात तार बसवून ऐकण्याच्या नसेला थेट विजेचे इशारे देणारं यंत्र. त्यानेही निसर्गाचा कान परत येत नाही, ०.६ मिलिसेकंदाचा तो बारीक हिशोब त्यातून नीट जात नाही, पण कुठल्या कानाला मोठा आवाज आला हे मिळतं आणि बऱ्याच जणांची दिशा खरंच सुधारते, कानातली शिट्टीही अनेकांची कमी होते. अमेरिकेत एका कानासाठी याला २०१९ ला परवानगी आली. खर्च लाखांत आहे, आणि अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवर विसंबू नका, २०१६ च्या कायद्यात दोन्ही कानांचं नुकसान धरतात, एक कान चांगला असला की आपण बसत नाही. इम्प्लांटला ऐकण्याची नस शाबूत लागते आणि कान जाऊन फार वर्षं झालेली नसावीत. मी विचारायला गेलो तेव्हा सहा वर्षं उलटली होती, तुमचे सात महिनेच झालेत. तेव्हा बोन कंडक्शनची ट्रायल चालू असतानाच ईएनटीला सरळ विचारा की आम्ही इम्प्लांटमध्ये बसतो का. बसत असाल तर मशीनचा निर्णय त्यानंतर घ्या.

आणि तोपर्यंत कारमध्ये तुम्ही त्यांच्या मागच्या सीटवर, उजव्या खिडकीकडे तोंड करून बोलून बघा. आमच्याकडे उलट आहे, मी चालवायला बसलो की बायको डाव्या कानाकडे येते, म्हणून हल्ली गाडी मीच चालवतो.