नव्या घरात जाताना बायकोला काय लिहू?

"लग्नाला साडेतीन वर्षं झाली. आजवर कल्याणला आईबाबांबरोबरच राहिलो. येत्या रविवारी आम्ही दोघं बदलापूरच्या वन बीएचकेत राहायला जातोय. त्या दिवशी बायकोला चार ओळी लिहून द्यायची फार इच्छा आहे. पण लिहायला बसलो की एकतर फॉरवर्ड आल्यासारखं होतं, नाहीतर माफीनामा. त्यात आईचा चेहरा उतरलेला. अशा वेळी आनंदाचं कसं लिहू?"

चिंचवडमधलं एक जोडपं काही काळ माझ्याकडे समुपदेशनासाठी येत होतं. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगते. तो चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर, ती शाळेत शिक्षिका. दोन खोल्यांच्या घरात सासूसासरे, धाकटा दीर आणि हे दोघं. रात्री सासऱ्यांच्या बातम्या संपल्या की बाहेरच्या खोलीत गाद्या पडायच्या, तोवर कोणालाच आडवं होता यायचं नाही. घरात उघड भांडण कधीच नव्हतं. ती हळूहळू बोलेनाशी झाली आणि त्याला त्याची भीती वाटली, म्हणून ते आले होते. पुढे मोशीला अकरा महिन्यांच्या करारावर घर मिळालं, डिपॉझिट भरलं, टेम्पो ठरला. त्या आठवड्यात तो एकटा आला. तुमच्यासारखंच त्यालाही तिला काहीतरी लिहून द्यायचं होतं. त्याने खिशातून कागद काढला.

पहिल्या कागदावर वचनं होती. 'आता तुला कधीच त्रास होऊ देणार नाही', 'या घरात फक्त आनंद असेल', 'तुला मोकळा श्वास घेता येईल'. यातलं शेवटचं वाक्य मी त्याला मोठ्याने वाचायला सांगितलं. वाचता वाचता तोच थांबला, कारण आधीच्या घरात तिचा श्वास कोंडला होता असा त्याचा सरळ अर्थ निघत होता. त्याला तसं म्हणायचं नव्हतं, आणि तिनेही तसं कधी म्हटलं नव्हतं. वचनांची दुसरी अडचण व्यवहारातली आहे. नव्या घराच्या पहिल्याच आठवड्यात पाण्याची वेळ कळत नाही, गॅसची जोडणी रखडते, दोघंही दमलेले असतात आणि खटके उडतात. 'कधीच' लिहिलेला कागद अशा वेळी चार दिवसांत खोटा पडतो. वाचणाऱ्याच्या मनात मग त्या वाक्याबरोबर बाकीची वाक्यंही हलकी होतात.

दुसरा कागद माफीचा होता. आईच्या बोलण्याबद्दल, वडिलांच्या टीव्हीबद्दल, दिराच्या पसाऱ्याबद्दल त्याने तिची माफी मागितली होती. हेतू चांगलाच होता. पण दुसऱ्याच्या वतीने मागितलेली माफी स्वीकारणं फार अवघड जातं. ती 'असू दे' म्हणाली तर सासूने चूक केली हे तिने मान्य केल्यासारखं होतं, आणि गप्प राहिली तर मनात राग आहे असा अर्थ निघतो. शिवाय ज्या संध्याकाळी घरात दोघंच असायला हवेत, त्या संध्याकाळी त्या कागदातून सगळं जुनं घर पुन्हा आत येतं. लिहिलेलं राहतं हेही ध्यानात घ्यायला हवं. सहा महिन्यांनी एखाद्या वादात 'तूच लिहिलं होतंस, तुझी आई अशी आहे' हे वाक्य निघालं, तर त्याला स्वतःच्याच अक्षराविरुद्ध आईची बाजू घ्यावी लागेल.

तुमच्या हातून फॉरवर्ड आणि माफीनामा यापलीकडे काही उतरत नाही, त्याचं मूळ मला इथे दिसतं. दोन्हींमध्ये लिहिणाऱ्याला आपण कसे दिसू याची काळजी जास्त असते आणि समोरची व्यक्ती पुसट राहते. अमित कुमार आणि निकोलस एपली या संशोधकांनी २०१८ साली कृतज्ञतेच्या पत्रांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी पत्रं लिहिली त्यांना आधी वाटत होतं, की वाचणाऱ्याला अवघडल्यासारखं होईल. प्रत्यक्षात वाचणारे तितके अवघडले नाहीत, आणि अंदाजापेक्षा जास्त सुखावले. लिहिणारे आपले शब्द नीट जुळतील का या चिंतेत होते, तर वाचणाऱ्यांच्या मनात त्या पत्रामागचा जिव्हाळा भरला होता. भाषा साधी राहिली तरी चालेल हे मी एवढ्या खात्रीने सांगते, त्यामागे हाही आधार आहे.

मग मी त्याला वेगळं काम दिलं. कोऱ्या कागदावर तिच्या दिवसातल्या अशा गोष्टी लिहायच्या, ज्या त्याने डोळ्यांनी पाहिल्या आहेत. 'ती खूप समजूतदार आहे' असं नाही लिहायचं, कारण ते मत झालं. तिने काय केलं तेवढंच लिहायचं. पहिल्या दोनतीन ओळींना वेळ लागला, मग पेन थांबेना. तिचे कपडे दिवाणाखालच्या सुटकेसमध्ये असायचे. माहेरी फोन करायला ती गच्चीवर जायची. आणि रात्री बाहेर बातम्या चालू असताना ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर वह्या ठेवून उभ्याने तपासायची. पाय दुखले की एक पाय दुसऱ्यावर टेकवायची.

मी विचारलं, यातलं तुम्हाला दिसत होतं हे तिला काय काय माहीत नाही? त्याने वह्यांच्या ओळीवर बोट ठेवलं. संदेशाचा गाभा तिथे सापडला. तिला माहीत असलेल्या कौतुकाने तिला बरं वाटलं असतं. पण आपल्याला वाटत होतं तितकं आपण एकटे नव्हतो, हे तिला यातूनच कळणार होतं.

आता राहिला आईचा प्रश्न. त्याला अपराधी वाटत होतं आणि ते लपवून नुसता आनंद लिहायला गेला की वाक्यं पोकळ व्हायची. तुमचंही तेच होत असावं. दुःख लपवायचं नाही, पण ते कोणाचं आहे हे स्पष्ट हवं. 'आईला खूप वाईट वाटतंय' असं लिहिलं की वाचणारीवर त्याचा भार पडतो, जणू तिच्यामुळे ते घडलं. 'मला वाईट वाटतंय' असं लिहिलं, आणि त्यावर तिने काही करायची गरज नाही हेही लिहिलं, तर भार उतरतो. शेवटी त्या दिवसापुरती, त्याच रात्री पूर्ण होईल अशी एक छोटी गोष्ट ठेवू असं आम्ही ठरवलं. पुढच्या आयुष्याचं काही नाही. त्याच्या परवानगीने तो कागद इथे देते:

"रोज रात्री बाहेर बातम्या लागल्या की तू ओट्यापाशी उभी राहून वह्या तपासायचीस. मला दिवाणावरून दिसायचं. पाय दुखला की तू तो दुसऱ्या पायावर टेकवायचीस. मी कधी बोललो नाही. आईबाबांचं घर सोडताना मला वाईट वाटतंय आणि तुझ्याबरोबर इथे आल्याचा आनंदही होतोय. वाईट वाटतंय त्याचं तू काही करायचं नाहीस, ते माझं मी बघेन. खिडकीपाशी जे फोल्डिंगचं टेबल लावलंय ते तुझ्या वह्यांसाठी. आज तिथे बस. कुकर मी लावतो."

यात अलंकारिक एकही शब्द नाही. प्रेम हा शब्दसुद्धा नाही, आणि तो घालावा असं मला वाटलं नाही.

केव्हा द्यायचं यावरही आम्ही बराच वेळ घालवला, कारण चांगला मजकूर चुकीच्या वेळी फुकट जातो. घर बदलायच्या दिवशी दोघांचे फोन टेम्पोवाला, इलेक्ट्रिशियन आणि नातेवाईक यांच्यात अडकलेले असतात. त्या गर्दीत व्हॉट्सॲपवर आलेला संदेश ती खोके उचलता उचलता वाचणार. निळ्या खुणा दिसल्या की तिच्यावर लगेच काहीतरी उत्तर द्यायची सक्ती येणार, आणि बदामाचं एक चित्र पाठवून विषय संपणार. म्हणून कागदच बरा. सासूबाई देवाचा फोटो आणि धान्य घेऊन येणार होत्या, दूध उतू घालवायचं होतं. ते सगळं होऊन पाहुणे गेल्यावर, जेवायच्या आधी, हातात द्यायचा असं ठरलं. कौटुंबिक ग्रुपवर तर असलं काही टाकूच नये. दोघांमधली गोष्ट तिथे सगळ्यांसमोरचं भाषण होते, आणि त्यातल्या प्रत्येक शब्दाचा घरातला प्रत्येक जण आपापला अर्थ लावतो.

तिने कागद वाचला आणि ती आधी चिडली. "दिसत होतं, तर एक खुर्ची का नाही आणून दिलीस?"

असं होऊ शकतं हे मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. 'मला दिसत होतं' हे वाक्य लिहिलं की 'मग बोलला का नाहीस' हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. तिथे कारणं द्यायला लागलं, की खोली लहान होती, बाबांना राग आला असता, तर लिहिलेलं सगळं पुसलं जातं. तो एवढंच म्हणाला, "आणून द्यायला हवी होती," आणि थांबला. त्यानंतर ती बराच वेळ बोलली. सगळं गोड नव्हतं. भात थोडा लागला. पण त्याआधी कितीतरी महिने ती एवढं सलग बोलली नव्हती, असं त्याने पुढच्या भेटीत सांगितलं. तिने माझ्याजवळ सांगितलं, की त्या घरात आपण उभ्याने काम करतो हे कोणाच्या लक्षातच नाही असं ती धरून चालली होती.

आता तुमच्याबद्दल. तुमचं घर भाड्याचं आहे की विकतचं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. विकत घेतलं असेल आणि करारावर बायकोचं नाव नसेल, तर 'हे तुझं हक्काचं घर' असं लिहू नका. तिला कागदपत्रं माहीत असतात आणि ते वाक्य टोचेल. आईसाठी जे वाटतं ते आईलाच सांगा, निघायच्या आधी तिच्याजवळ बसून. तिच्यापाशी ते बोलून झालं, की बायकोच्या कागदात एक वाक्य पुरेल. आणि त्या घरात बायकोचा खरंच छळ झाला असेल, अपमान किंवा हात उगारण्यापर्यंत गोष्ट गेली असेल, तर चिठ्ठीवर भागवू नका. त्यासाठी दोघांनी समुपदेशकाकडे बसून बोलायला हवं, आणि तिला हवी असेल तर कायद्याची मदतही घ्यायला हवी.

शनिवारी रात्री सामान बांधून झाल्यावर लिहायला बसू नका, दमलेल्या माणसाच्या हातून पुन्हा वचनंच उतरतात. आज किंवा उद्या अर्धा तास काढा आणि साडेतीन वर्षांत तुम्हाला दिसलेल्या, पण तिला बोलून न दाखवलेल्या गोष्टी एकाखाली एक लिहा. त्यातली एकच निवडा. कागद सामानाच्या खोक्यात टाकू नका, शर्टाच्या खिशात ठेवा.