गोळ्या घेतल्या की हिमोग्लोबिन वाढतं, थांबवल्या की उतरतं: मग लोह जातंय कुठे?

"बाबा ७१ वर्षांचे. हिमोग्लोबिन ८.९ होतं, तीन महिने लोहाच्या गोळ्या घेऊन १०.८ झालं, गोळ्या थांबवल्या तर आता परत ९.१. फेरिटिन ११. संडासातून रक्त कधीच दिसलं नाही, संडासची तपासणीपण निगेटिव्ह आली. घरचे म्हणतात वयामुळे होतं, कोलोनोस्कोपी कशाला. खरंच गरज आहे का?"

ताई, हो, मोठं आतडं आतून दुर्बिणीने बघायच्या या तपासणीची गरज आहे. आणि त्याचं कारण हिमोग्लोबिनपेक्षा तुम्ही लिहिलेल्या त्या फेरिटिनच्या आकड्यात आहे. मी चोवीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते, डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, पण रिपोर्ट कसा वाचायचा आणि आमच्याकडे सासऱ्यांच्या बाबतीत अगदी हेच कसं झालं ते लिहिते, जरा लांबेल.

आधी ते "वयामुळे". जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठी १३ आणि बायकांसाठी १२ ही जी खालची मर्यादा धरलीय ती सत्तरीच्या माणसासाठी वेगळी नाहीये. म्हातारपणी रक्त कमी होण्याची कारणं बरीच असतात, किडनी मंदावते, संधिवातासारखी जुनी सूज अंगात असते, बी१२ कमी पडतं, कधी बोनमॅरोच थकतो, आणि काही जणांमध्ये सगळं तपासूनही कारण सापडत नाही हेही खरंय. पण "कारण सापडत नाही" हे सगळं शोधून झाल्यावर म्हणायचं असतं. तुमच्या बाबांच्या बाबतीत तर अर्धं उत्तर हातात आहे. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. अंगात सूज किंवा इन्फेक्शन असेल तर हा आकडा खोटा वर जाऊ शकतो, म्हणजे साठा संपलेला असूनही रिपोर्टमध्ये ६०-७० दिसतं, पण खोटा खाली जात नाही. ११ आलं म्हणजे साठा रिकामा, विषय संपला. प्रश्न एवढाच उरतो की लोह गेलं कुठे.

इथे थोडा हिशोब सांगते कारण तो कळला की घरच्यांना समजावणं सोपं जातं. आपण रोज अन्नातून जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषून घेतो, आणि शरीरातून रोज साधारण १ मिलिग्रॅम असंच जातं. बायकांचं पाळीमुळे जास्त जातं, पुरुषाचं जात नाही, म्हणून पुरुषाच्या अंगात बऱ्यापैकी साठा असतो, हजार मिलिग्रॅमच्या आसपास धरा. आता १ मिलि निरोगी रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. आतड्यात कुठेतरी रोज दोन चहाचे चमचे, म्हणजे १० मिलि रक्त झिरपत असेल तर रोज ५ मिलिग्रॅम लोह गेलं. एवढी भर अन्नातून पडूच शकत नाही. साठा महिनोन्महिने खाली खाली जातो, तोपर्यंत हिमोग्लोबिन चांगलं दिसतं, आणि साठा संपला की मग ते घसरायला लागतं. आणि संडास डांबरासारखी काळी दिसायला मात्र साधारण ५० ते १०० मिलि रक्त एका वेळी जावं लागतं. दोन चमचे रक्त मळात मिसळून गेलं की डोळ्याला काहीही दिसत नाही. म्हणून "रक्त दिसलं नाही" याला या वयात काही अर्थ नाही, खरंच नाही.

नुसतं खाण्यात कमी पडलं म्हणून असं होतं का? शाकाहारी माणसाचं लोह शोषण कमी असतं, बीट-खजुराने तर फारसं काही भरून निघत नाही, आणि ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर शोषण अजून घटतं, हे सगळं विचारा. पण ज्या माणसाने सत्तर वर्षं तेच जेवण जेवून रक्त टिकवलं त्याचं अचानक दीड-दोन वर्षांत उतरलं तर जेवणाला दोष देऊन गप्प बसता येत नाही. कोकणात किंवा शेतात अनवाणी फिरणं असेल तर हुकवर्मही बघून घ्यावेत, ते आतड्याला चिकटून रक्त पितात.

आता सासऱ्यांचं. वय ७४, एसटीतून रिटायर, सकाळी दोन किलोमीटर चालणारा माणूस. मंदिराच्या पायऱ्या चढताना मध्ये थांबायला लागले, आम्हाला वाटलं उन्हाळा. हिमोग्लोबिन ९.२ आलं, टॉनिक सुरू झालं, बीट, खजूर, अंजीर सगळं झालं, थोडं वाढलं आणि सगळे निवांत झाले, मीसुद्धा, याचं मला आजही वाईट वाटतं कारण रिपोर्ट वाचणं हे माझं रोजचं काम होतं. पाच महिन्यांनी परत उतरलं तेव्हा मी त्यांची फाईल काढली आणि चार वर्षांचे सीबीसी तारखेप्रमाणे जमिनीवर मांडले. हिमोग्लोबिन १३.४, मग १२.६, मग ११.१, मग ९.२. पण माझी नजर एमसीव्हीवर थांबली, म्हणजे लाल पेशीचा आकार. ८८, ८५, ७८, ७१. एकेका रिपोर्टमध्ये काही वाटत नव्हतं, १२.६ ला कोण घाबरतं, पण चार कागद शेजारी ठेवल्यावर उतार स्पष्ट होता. ज्यांना थॅलेसेमिया मायनर असतो त्यांचा एमसीव्ही जन्मभर कमीच असतो, ८८ वरून ७१ वर येत नाही. पेशी लहान होत चालल्या होत्या कारण भरायला लोहच नव्हतं. फेरिटिन केलं, ९ आलं.

तुमच्याकडेही जुने रिपोर्ट असतील तर असेच मांडून बघा आणि ती फाईल डॉक्टरांना दाखवा.

हृदयासाठी त्यांना ७५ ची ॲस्पिरिन चालू होती म्हणून सगळ्यांना वाटलं पोटात अल्सर असणार. एंडोस्कोपी झाली, जठराला थोडी सूज निघाली, आणि घरी सगळे म्हणाले चला सापडलं कारण. इथेच माणूस फसतो. थोडी सूज तर या वयात कितीतरी जणांच्या जठरात निघते, तेवढ्याने हिमोग्लोबिन चार ग्रॅमने उतरत नाही. आमचे पोटाचे डॉक्टर शांतपणे म्हणाले की वरून काही किरकोळ सापडलं म्हणून खालून बघायचं सोडायचं नाही, दोन्ही बाजूंनी बघितल्याशिवाय मी थांबत नाही. कोलोनोस्कोपीत मोठ्या आतड्याच्या अगदी सुरुवातीला, उजवीकडे, सीकममध्ये चार सेंटिमीटरची गाठ निघाली. कॅन्सरच होता. उजवीकडचं आतडं रुंद असतं आणि तिथे मळ अजून पातळ असतो, त्यामुळे गाठ वाढली तरी बद्धकोष्ठ नाही, पोटात दुखत नाही, रक्त पुढे चार-पाच फूट आतड्यात मिसळून जातं. त्या गाठीचं एकच लक्षण बाहेर आलं होतं, हिमोग्लोबिन.

सगळ्यांना कॅन्सरच निघतो असं अजिबात नाही, घाबरू नका. अल्सर निघतो, दुखण्याच्या गोळ्यांनी झालेल्या जखमा निघतात, पॉलिप म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला उगवलेले लहान कोंब निघतात, उजव्या आतड्यातल्या फुगलेल्या नाजूक रक्तवाहिन्या निघतात ज्या मधूनमधून झिरपतात. यातल्या बऱ्याच गोष्टींवर तिथल्या तिथे दुर्बिणीतूनच उपाय होतो. बाबा गुडघ्यासाठी दुखण्याच्या गोळ्या घेतात का ते जरूर विचारा, मेडिकलमधून आणून घेत असतात आणि सांगत नाहीत.

संडासची तपासणी निगेटिव्ह आली त्यावर विसंबू नका. ती तपासणी म्हणजे त्या एका दिवसाचा नमुना. गाठ किंवा पॉलिप रोज रक्त सोडतातच असं नाही, एक आठवडा सोडतील, एक आठवडा नाही. शिवाय फिट नावाची जी नवी टेस्ट आहे ती मोठ्या आतड्यातलं रक्त पकडते, जठरातलं रक्त खाली येईपर्यंत पचून जातं आणि टेस्टला सापडत नाही. सासऱ्यांचीही एकदा निगेटिव्हच आली होती. आणि गोळ्यांनी हिमोग्लोबिन वाढलं म्हणजे रक्तस्राव नाही असंही नाही, गळक्या टाकीत नळ मोठा सोडला की पातळी वाढतेच. आता १०.८ ला गोळ्या थांबवणं हेही चुकलंच, हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही साठा भरायला अजून तीनेक महिने घ्याव्या लागतात, त्यामुळे पडण्यात तोही भाग असेल. पण साठा आधी रिकामा का झाला याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

तयारीचं सांगते कारण म्हातारी माणसं तिथेच नको म्हणतात. डॉक्टरांना विचारून लोहाची गोळी आठवडाभर आधी बंद करावी लागते, तिच्यामुळे मळ काळा आणि चिकट होतो, आतडं नीट दिसत नाही. दोन-तीन दिवस आधी पेरू, टोमॅटो, भेंडी, तीळ असं बियांचं बंद. आदल्या दिवशी पातळ जेवण आणि मग ते औषधाचं दोन-तीन लिटर पाणी. किडनी किंवा हार्टचा त्रास असेल तर आधी सांगा, औषध त्याप्रमाणे निवडतात. रात्री सात-आठ वेळा उठावं लागतं, ९.१ चा माणूस अंधारात चक्कर येऊन पडू शकतो, तेव्हा बाथरूमचा दिवा चालू ठेवा आणि कोणीतरी शेजारी झोपा. आमच्या ह्यांनी बाहेर खुर्ची टाकली होती. तपासणी भूल देऊन करतात, अर्धा तास. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, हार्टच्या डॉक्टरांना विचारूनच. आणि एंडोस्कोपी आणि कोलोनोस्कोपी एकाच दिवशी एकाच भुलीत होतात का विचारा, बहुतेक ठिकाणी होतात.

माणूस फारच थकलेला, अंथरुणाला खिळलेला असेल, किंवा काही सापडलं तरी उपचार झेपणारच नसतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टर सीटी स्कॅनवर भागवतात किंवा नुसतं लोह शिरेतून देतात. तुमचे बाबा अजून चालते-फिरते वाटतात.

दोन्हीकडून काही नाही निघालं तर तुम्ही सुटलात असंच बऱ्याचदा होतं, तेव्हा गोळ्यांचा पूर्ण कोर्स करायचा आणि दर तीन महिन्यांनी सीबीसी आणि फेरिटिन. त्यातूनही परत उतरलं तर मधलं लहान आतडं राहतं, ते गिळायच्या कॅप्सूल कॅमेऱ्याने बघतात.

सासऱ्यांचं उजवं आतडं काढलं, गाठ कुठे पसरली नव्हती, केमो लागला नाही. आता ते ८१ चे आहेत, मागच्या महिन्यात हिमोग्लोबिन १३.१ आणि एमसीव्ही ८७. तुमच्या बाबांचा एमसीव्ही किती आहे ते मात्र इथे टाका, आणि जुना रिपोर्ट असेल तर तोही, बघून सांगते.