आजची फी धरू नका

दादा, मुलीच्या कॉलेजसाठी दरमहा किती साठवायचं ते पाहू. ती 6 वर्षांची, म्हणजे 12 वर्षं हातात आहेत. इंदूरला कॉलेजचा पूर्ण खर्च, होस्टेल-मेससकट, आज 10 लाख धरू. फी दरवर्षी 8 टक्के वाढली तर 1 ला 1.08 ने 12 वेळा गुणा: 2.52 पट, म्हणजे 25.2 लाख. इथेच नवखे चुकतात. 12 गुणिले 8 करून 19.6 लाखांवर थांबतात. मीही थांबलो होतो.

बचतीवर टॅक्स जाऊन 7 टक्के धरा आणि एक्सेलमध्ये टाका:

```
=PMT(7%/12,144,0,-2520000)
```

महिन्याला सुमारे 11,200 येतात. आजचेच 10 लाख धरले असते तर 4,450 दिसले असते.

दर एप्रिलला कॉलेजची नवी फी विचारा आणि उरलेल्या महिन्यांचा, जमलेली रक्कम सूत्रातल्या 0 च्या जागी टाकून, हिशेब पुन्हा मांडा.